ब्रोमोबेंझिनचं वाफ-ऊर्ध्वपातन: उकळी १०० च्या आत का येते आणि डिस्टिलेटमध्ये काय किती येतं

पाण्यात न मिसळणारा द्रव वाफेबरोबर ओढून काढायचा प्रयोग बहुतेकांच्या हातून 'होतो', म्हणजे खाली भांड्यात दुधाळ पाणी जमतं आणि त्यात तेलासारखा थर दिसतो. गडबड होते ती पुढे. नोंदवलेलं तापमान पुस्तकातल्या आकड्याशी जुळत नाही, डिस्टिलेटमधलं प्रमाण हिशोबाशी जुळत नाही, आणि वहीत 'हाताळणीत झालेली घट' असं लिहून विषय संपवला जातो. बहुतेक वेळा घट झालेलीच नसते. हवेचा दाब चुकीचा धरलेला असतो, थर्मामीटर तपासलेला नसतो किंवा वाफ फार जोरात सोडलेली असते.

इथे उदाहरण ब्रोमोबेंझिनचं घेतलं आहे आणि ठिकाण पुणं धरलं आहे. ब्रोमोबेंझिन एकटं १५६ °से.ला उकळतं, पाण्यात जवळपास विरघळत नाही, पाण्याशी अभिक्रिया करत नाही, आणि थर स्वच्छ वेगळे होतात. ते पाण्यापेक्षा बरंच जड आहे (घनता सुमारे १.४९), त्यामुळे एक-दोन खास चुकाही त्यात हमखास घडतात. पुणं एवढ्यासाठी, की समुद्रसपाटीचे आकडे तिथे चालत नाहीत आणि तरीही ते सर्रास वापरले जातात.

## १. आधी हे डोक्यात पक्कं करा: दोन दाबांची बेरीज

कोणताही द्रव उकळतो तो त्याचा बाष्पदाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका झाला की. दोन द्रव एकमेकांत मिसळत नसतील तर प्रत्येक जण दुसरा तिथे नसल्यासारखाच आपापला पूर्ण बाष्पदाब देतो. वरच्या वाफेचा एकूण दाब म्हणजे या दोघांची सरळ बेरीज. हवेच्या दाबाशी बरोबरी ही बेरीज करते, म्हणून एकट्या पाण्याला जिथवर तापावं लागलं असतं त्याच्या आधीच उकळी येते.

आकडे घेऊन पाहू. ९३.६ °से.ला पाण्याचा बाष्पदाब ६०२ मिमी असतो आणि ब्रोमोबेंझिनचा सुमारे १११ मिमी. बेरीज ७१३ मिमी. पुण्यातला हवेचा दाब साधारण एवढाच असतो, त्यामुळे तिथे हे मिश्रण ९३.६ ला उकळतं. त्याच दाबाला नुसतं पाणी ९८.२ ला उकळतं. मुंबईत ७६० मिमी दाब असेल तर मिश्रण ९५.३ ला उकळेल. तिथे पाण्याचे ६४१ आणि ब्रोमोबेंझिनचे ११९ मिमी.

यातून तीन गोष्टी निघतात आणि तिन्हींबद्दल गैरसमज आहेत.

पहिली: उकळीचं तापमान दोन्ही उत्कलनांकांच्या मध्ये कुठेतरी नसतं. १५६ आणि १०० यांची सरासरी काढणारे उत्तरपत्रिकांत दरवर्षी भेटतात. ते कमी उत्कलनांकाच्याही खालीच असतं, कायम.

दुसरी: चंबूत कोणता द्रव किती आहे यावर हे तापमान ठरत नाही. बाष्पदाब प्रमाणावर नाही, तापमानावर ठरतो. पन्नास मिली ब्रोमोबेंझिन असो की दहा, दोन्ही द्रव शिल्लक आहेत तोवर तापमान तिथेच खिळून राहतं. ते वर सरकायला लागलं की समजायचं, एक द्रव संपत आला.

तिसरी: दोन्ही द्रवांना बाष्प होऊन वर यायला वाट हवी. तळाला ब्रोमोबेंझिन आणि वर पाण्याचा थर अशी न ढवळलेली मांडणी खालून तापवली, तर ब्रोमोबेंझिनला वरची मोकळी जागा दिसतच नाही. तळाचा थर उकळीच्या तापमानापुढे तापत जातो आणि मग एकदम धक्का मारून चंबूभर उसळतो. जड द्रवासाठी दोन्ही एकाच चंबूत घालून बर्नर लावण्यापेक्षा बाहेरून वाफ सोडणं बरं, ते यासाठी. वाफेचे बुडबुडे तळापासून वर येताना दोन्ही थर घुसळत राहतात.

## २. हवेचा दाब आणि थर्मामीटर, दोन्ही आधी तपासा

हे काम काचसामान जोडण्याच्या आधीचं आहे. सगळे ते शेवटी करतात, तेही पुस्तकात ७६० बघून.

मोबाइलच्या हवामान ॲपमधला दाब घेऊ नका. तो समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो. पुण्यात ॲप १००८ हेक्टोपास्कल दाखवत असेल तेव्हा प्रयोगशाळेतला खरा दाब ९५० च्या आसपास असतो. हेक्टोपास्कलला ०.७५ ने गुणलं की पाऱ्याचे मिमी मिळतात: ९५० चे ७१३, आणि १००८ चे ७५६. पुढच्या हिशोबात हा ४३ मिमीचा फरक काय उत्पात करतो ते आठव्या टप्प्यात येईलच. फोनमध्ये खरा बॅरोमीटर-सेन्सर असेल तर त्याचं थेट वाचन चालतं. भिंतीवरचा फोर्टिनचा बॅरोमीटर असेल तर उत्तमच, फक्त २५ °से.च्या खोलीत त्याच्या वाचनातून सुमारे ३ मिमी वजा करावे लागतात, कारण पारा गरमीने फुगलेला असतो.

आता थर्मामीटर. एक अंशाच्या खुणांचा, ११० पर्यंतचा साधा थर्मामीटर इथे अपुरा आहे, ०.१ किंवा निदान ०.२ अंश वाचता येईल असा घ्या. तो ज्या मांडणीत वापरणार त्याच मांडणीत आधी नुसतं पाणी उकळून वाचन घ्या. दाब ७१३ मिमी असताना ९८.२ दिसायला हवेत. ९८.७ दिसले तर थर्मामीटर अर्धा अंश जास्त दाखवतो. पुढच्या प्रत्येक वाचनातून ०.५ वजा करा.

बॅरोमीटर मुळीच नसेल तर: नुसत्या पाण्याच्या उकळीचं वाचन घ्या, पाण्याच्या बाष्पदाबाच्या तक्त्यात त्या तापमानापुढचा आकडा बघा आणि तोच हवेचा दाब धरा. हा नाइलाजाचा उपाय वाटतो, पण त्यात एक छुपा फायदा आहे. थर्मामीटर अर्धा अंश चुकत असेल तर तो दोन्ही वाचनांत सारखाच चुकतो आणि वजाबाकीत ती चूक जवळजवळ निघून जाते. वेगळा बॅरोमीटर आणि न तपासलेला थर्मामीटर या जोडीपेक्षा ही पद्धत जास्त भरवशाची.

तपासणी: वहीत आता दोन आकडे हवेत, आजचा हवेचा दाब आणि थर्मामीटरची दुरुस्ती. एकही नसेल तर पुढे जाऊ नका.

## ३. मांडणी

वाफेसाठी दोन लिटरचा वाफेचा डबा किंवा एक लिटरचा चंबू घ्या. निम्मा पाण्याने भरा आणि पोर्सेलिनचे चार-पाच तुकडे टाका. त्याच्या बुचातून साधारण ६०–७० सेंमी लांबीची उभी काचनळी जवळजवळ तळापर्यंत जायला हवी. ही सुरक्षा नळी. पुढे कुठे अडथळा आला तर डब्यातलं पाणी या नळीत वर चढतं आणि तुम्हाला आधीच कळतं. ही नळी गाळून केलेली मांडणी वापरू नका, मग बाकी सगळं कितीही नीट असो.

डबा आणि चंबू यांच्यामध्ये टी-नळी बसवा. तिचं खालचं तोंड रबरी नळी आणि पिंचकॉकने बंद करा. वाटेत वाफेचं जे पाणी होतं ते इथून काढून टाकता येतं. शिवाय शेवटी वाफ थांबवायची ती इथूनच.

मुख्य भांडं म्हणजे दोन मानांचा ५०० मिलीचा गोलबूड चंबू. एका मानेतून वाफेची नळी आत सोडा. तिचं टोक तळापासून अर्ध्या सेंमीवर हवं, म्हणजेच ब्रोमोबेंझिनच्या थरात बुडालेलं. नळी वरच्या पाण्यातच संपली तर वाफ पाणी ढवळते, ब्रोमोबेंझिन खाली निवांत बसून राहतं, आणि डिस्टिलेटमध्ये तेलाचं प्रमाण कमी येतं. दुसऱ्या मानेत उडणारे थेंब अडवणारी फुगीर नळी, तिच्यावर थर्मामीटर बसेल असा डिस्टिलेशन-हेड, आणि पुढे उतरता कंडेन्सर. थर्मामीटरच्या फुग्याचा वरचा काठ बाजूच्या नळीच्या खालच्या काठाशी जुळवा. फुगा त्याहून वर राहिला तर वाफ त्याला पुरती वेढत नाही आणि वाचन कमी येतं.

वाफ-ऊर्ध्वपातनाच्या नेहमीच्या आकृतीत थर्मामीटर नसतो, कारण तिथे फक्त पदार्थ मिळवायचा असतो. आपल्याला वाफेची घडण मोजायची आहे, म्हणून तो लागतोच.

कंडेन्सर लांब घ्या, ४० सेंमीचा तरी. वाफ आपल्यासोबत भरपूर उष्णता आणते आणि आखूड कंडेन्सर तिला पुरत नाही. फुगीर नळी आणि हेडभोवती काचलोकर किंवा जुनं कापड गुंडाळा, नाहीतर निम्मी वाफ तिथेच थंड होऊन परत चंबूत टपकत राहते.

चंबूत ५० मिली ब्रोमोबेंझिन आणि ५० मिली पाणी घाला. चंबू एकतृतीयांशापेक्षा जास्त भरता कामा नये, कारण वाफेचं पाणी होऊन पातळी पुढे वाढणारच आहे.

सावधान: ब्रोमोबेंझिन ज्वलनशील आहे, त्वचेला आणि डोळ्यांना त्रास देतं. ओतणं, उकळणं, वेगळं करणं, सगळं फ्यूम हूडमध्ये. चंबूखाली उघडी ज्योत नको, हीटिंग मँटल वापरा. वाफेच्या डब्याखाली बर्नर लावायचा असेल तर तो हूडमधल्या द्रवापासून लांब ठेवा.

## ४. आधी वाफ, मग जोडणी

क्रम असा.

१) टी-नळीचा पिंचकॉक उघडा ठेवून वाफेचा डबा उकळायला लावा. वाफ त्या तोंडातून बाहेर पडू द्या.

२) तोवर कंडेन्सरचं पाणी खालच्या तोंडातून सुरू करा आणि मँटलवर चंबू सुमारे ८० अंशांपर्यंत गरम करा. मँटल कमीतच ठेवा.

३) टी-नळीतून सलग, कोरडी वाफ यायला लागली, पाण्याच्या पिचकाऱ्या थांबल्या, की चंबूकडची नळी जोडा आणि पिंचकॉक बंद करा.

चंबू थंड असताना वाफ सोडली तर पहिली दहा मिनिटं ती वाफ चंबू तापवण्यातच खर्च होते. म्हणजे ती सगळी पाणी होऊन चंबूत साठते, पातळी निम्म्यावर जाते, आणि खरी उकळी येईपर्यंत द्रव फुगीर नळीत उसळायला लागतो. अशा वेळी डिस्टिलेटमध्ये न उकळलेलं पाणी उडून आलेलं असतं आणि त्याचं प्रमाण मोजण्यात काही अर्थ उरत नाही.

तपासणी: सुरक्षा नळीतलं पाणी थोडं वर चढून तिथेच हललं पाहिजे. ते सतत चढत असेल तर कुठेतरी अडलं आहे. ताबडतोब पिंचकॉक उघडा.

## ५. ऊर्ध्वपातन आणि नमुने

हेडमधलं तापमान आधी भराभर चढतं आणि मग ९३–९४ च्या दरम्यान थांबतं. कंडेन्सरमधून दुधाळ थेंब येतात. दुधाळपणाची काळजी नको, ते ब्रोमोबेंझिनचे बारीक कण आहेत.

वेग सेकंदाला एक ते दोन थेंब ठेवा. 'वाफ भरपूर, काम लवकर' हा मोह आवरायचा. बेरजेचा नियम तेव्हाच लागू पडतो जेव्हा वर येणारा प्रत्येक बुडबुडा ब्रोमोबेंझिनच्या बाष्पाने पुरता भरतो. वाफ जोरात सोडली की बुडबुडे मोठे होतात, द्रवातून क्षणात निघून जातात आणि अर्धेच भरतात. तेव्हा दोन खुणा एकत्र दिसतात: थर्मामीटर अपेक्षेपेक्षा अर्धा-एक अंश वर असतो आणि डिस्टिलेटमध्ये पाणी जास्त. या दोन्ही मिळून दिसल्या की दुसरं कारण शोधत बसू नका, वाफ कमी करा.

पहिले १० मिली डिस्टिलेट वेगळ्या भांड्यात घ्या आणि मोजणीतून बाद करा. त्या वेळी हेडमध्ये हवा असते आणि काचेचे भाग पुरते तापलेले नसतात. त्यानंतर कोरडी, वजन केलेली २५ मिलीची मोजनळकांडी लावून सुमारे २० मिलीचा एक, असे तीन नमुने ओळीने घ्या. प्रत्येक नमुन्याच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी तापमान लिहा.

५० मिली ब्रोमोबेंझिन यासाठीच घेतलं. बाद केलेल्या भागात साधारण ५ मिली आणि प्रत्येक नमुन्यात दहाच्या वर थोडं जातं, म्हणजे तिसरा नमुना संपल्यावरही चंबूत १४ मिलीच्या आसपास उरतं. मोजणी चालू असताना चंबूत दोन्ही थर असणं ही अटच आहे. ३० मिली घेऊन सुरू केलं असतं तर तिसऱ्या नमुन्याच्या मध्येच ते संपलं असतं आणि तो नमुना खराब झाला असता.

तपासणी: डिस्टिलेट हाताला कोमट लागत असेल तर कंडेन्सरचं पाणी वाढवा किंवा वाफ कमी करा. पाणी वाढवूनही फरक पडत नसेल तर कंडेन्सर आखूड आहे.

ब्रोमोबेंझिन उणे ३१ अंशांपर्यंत गोठत नाही, त्यामुळे इथे कंडेन्सर तुंबत नाही. हीच मांडणी नॅफ्थॅलीनसारख्या घनपदार्थाला वापरलीत तर मात्र कंडेन्सरमध्ये पांढरा थर साचतो. तेव्हा गार पाणी थोडा वेळ बंद ठेवून तो वितळू द्यावा लागतो.

## ६. थांबवण्याचा क्रम

आधी टी-नळीचा पिंचकॉक उघडा. मग बर्नर आणि मँटल बंद करा. कंडेन्सरचं पाणी सगळ्यात शेवटी.

सावधान: उलट केलंत, म्हणजे पिंचकॉक बंद असताना बर्नर आधी काढलात, तर डब्यातली वाफ आटते, तिथे पोकळी होते आणि चंबूतला गरम द्रव वाफेच्या नळीतून मागे डब्यात ओढला जातो. ब्रोमोबेंझिन डब्यात गेलं की पुढच्या प्रत्येक वाफेत त्याचा वास येत राहतो आणि डबा धुवायचं काम वेगळंच.

चंबूत उरलेलं सगळं ब्रोमोबेंझिन काढायचं असेल तर तीन नमुन्यांनंतर न थांबता चालू ठेवा. ते संपत आलं की तापमान ९३.६ सोडून वर सरकतं आणि ९८.२ ला जाऊन बसतं. थेंबही दुधाळ न राहता स्वच्छ येतात. तिथे थांबा, त्यापुढे तुम्ही फक्त पाणी उकळत आहात.

## ७. थर मोजणं

नळकांडी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, पंधरा-वीस मिनिटं. ब्रोमोबेंझिन जड असलं तरी त्याचे काही थेंब पृष्ठताणामुळे पाण्याच्या वर तरंगत राहतात आणि काही काचेला चिकटतात. नळकांडी हलक्या हाताने गोल फिरवा, बोटाने टिचक्या मारा, थेंब खाली बसतात. दुधाळपणा घालवायला मीठ टाकण्याची सवय इथे नको. मिठाने पाण्याचं आकारमान आणि वजन दोन्ही बदलतं. मीठ टाकायचं असेल तर मोजून झाल्यावर.

खालचा थर ब्रोमोबेंझिनचा आहे. हे वाचायला सोपं वाटतं, पण 'तेल वर, पाणी खाली' ही घरातली सवय इतकी मुरलेली असते की विलगीकरण नरसाळ्यातून खालचा थर पाणी समजून ओतून देणारे दर बॅचमध्ये निघतात. शंका आली तर नळकांड्यात थेंबभर पाणी टाका आणि ते कोणत्या थरात मिळून जातं ते बघा. प्रयोग संपेपर्यंत दोन्ही थर ठेवा.

२० मिलीच्या नमुन्यात खाली सुमारे १०.४ मिली आणि वर ९.६ मिली दिसायला हवं. नळकांड्याचं भरल्यानंतरचं वजनही घ्या. पाणी ९.६ ग्रॅम धरलं की उरलेलं वजन ब्रोमोबेंझिनचं, सुमारे १५.५ ग्रॅम. आकारमान गुणिले घनता हाही आकडा तेवढाच यायला हवा: १०.४ × १.४९ = १५.५. दोन्हींत अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त फरक असेल तर थराची रेषा नीट वाचलेली नाही.

पदार्थ पुढे वापरायचा असेल तर तिन्ही नमुन्यांतलं ब्रोमोबेंझिन एकत्र करा, निर्जल कॅल्शियम क्लोराइडवर ते पूर्ण नितळ होईपर्यंत ठेवा आणि मग साधं ऊर्ध्वपातन करा. पुण्यात ते १५६ ला नाही, १५३–१५४ च्या आसपास येईल. ओलं ब्रोमोबेंझिन तसंच ऊर्ध्वपातनाला लावलं तर पहिले थेंब पुन्हा ९४ लाच दुधाळ येतात, आणि कारण तेच, दोन दाबांची बेरीज.

## ८. हिशोब

वाफेतल्या रेणूंचं प्रमाण म्हणजे आंशिक दाबांचं प्रमाण. वजनाचं प्रमाण हवं असेल तर प्रत्येक दाबाला त्याच्या रेणुभाराने गुणायचं:

ब्रोमोबेंझिनचं वजन ÷ पाण्याचं वजन = (ब्रोमोबेंझिनचा दाब × १५७) ÷ (पाण्याचा दाब × १८)

पुण्यातला नमुना घेऊ. हवेचा दाब ७१३ मिमी, दुरुस्त केलेलं तापमान ९३.६ °से. तक्त्यात ९३ ला पाण्याचा बाष्पदाब ५८८.६ आणि ९४ ला ६१०.९ आहे, मधला आकडा ६०२. ब्रोमोबेंझिनचा वाटा ७१३ − ६०२ = १११ मिमी.

(१११ × १५७) ÷ (६०२ × १८) = १७४२७ ÷ १०८३६ = १.६१

म्हणजे १ ग्रॅम पाण्यामागे १.६१ ग्रॅम ब्रोमोबेंझिन. वजनाने सुमारे ६२ टक्के. मोजलेले १५.५ ÷ ९.६ हेही १.६१.

वाफेतल्या दर शंभर रेणूंपैकी ब्रोमोबेंझिनचे जेमतेम १६ आहेत, तरी वजनात त्याचा वाटा निम्म्याहून जास्त. पाण्याचा रेणू हलका आणि ब्रोमोबेंझिनचा त्याच्या जवळपास नऊपट जड, एवढंच त्यामागचं कारण. बाष्पदाब तुटपुंजा असलेले जड पदार्थही या पद्धतीने वाजवी प्रमाणात निघतात ते यामुळे.

हाच हिशोब उलटा फिरवला तर अनोळखी द्रवाचा रेणुभार मिळतो: वजनांचं प्रमाण × १८ × पाण्याचा दाब ÷ द्रवाचा दाब. आपल्या आकड्यांनी १.६१ × १८ × ६०२ ÷ १११ = १५७.

### हिशोब बिघडतो तो इथे

दाब ७६० धरला. तापमान पुण्यातलं, ९३.६, आणि दाब पुस्तकातला. ब्रोमोबेंझिनचा वाटा १११ ऐवजी १५८ मिमी होतो आणि प्रमाण २.२९. प्रत्यक्ष मोजलेलं १.६१ याच्या ७० टक्केच. 'हाताळणीत ३० टक्के घट' ती ही. मजा अशी की मुंबईचे आकडे, म्हणजे ७६० आणि ९५.३, एकत्र घातले तर प्रमाण १.६२ येतं. उंचीने उकळीचं तापमान पावणेदोन अंश हललं, घडण जागच्या जागी राहिली. म्हणून दाब आणि तापमान एकाच जागेचे, एकाच दिवसाचे हवेत.

थर्मामीटर अर्धा अंश चुकला. ९३.६ च्या जागी ९४.१ वाचलं आणि दाब बॅरोमीटरवरून ७१३ घेतला. या भागात पाण्याचा बाष्पदाब अंशाला २२ मिमीने वाढतो, म्हणून पाणी ६१३ होतं आणि ब्रोमोबेंझिनला उरतात १००. प्रमाण १.४२, आणि रेणुभार १५७ ऐवजी १७७. ज्या आकड्यावर सगळं उभं आहे तो १११ दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून आलेला असतो, त्यामुळे मोठ्या आकड्यातली बारीक चूक त्याला जबर लागते.

रेणुभाराने गुणायचं राहिलं. १११ ÷ ६०२ = ०.१८ हे रेणूंचं प्रमाण आहे, वजनाचं नाही.

भागाकारात एकूण दाब घेतला. खाली पाण्याचा आंशिक दाब हवा, ७१३ नाही.

## ९. तिन्ही नमुने एकमेकांशी जुळतात का?

हिशोबाशी जुळण्याआधी ते एकमेकांशी जुळले पाहिजेत. चंबूतलं ब्रोमोबेंझिन कमी होत गेलं तरी प्रमाण बदलायला नको. ते नमुन्यागणिक घटत असेल आणि तापमान हळूहळू चढत असेल, तर चंबूत पाणी साठून ब्रोमोबेंझिनचा थर पातळ झाला आहे आणि वाफ त्याला नीट घुसळत नाही. मँटल थोडी वाढवा आणि वाफेची नळी खाली सरकवा. पहिलाच नमुना वेगळा आणि पुढचे दोन सारखे असतील तर सुरुवातीचे १० मिली पुरेसे नव्हते, पहिला सोडून द्या. तिन्ही सारखे असून हिशोबाशी जुळत नसतील, तर प्रयोग ठीक आहे आणि चूक दाबात किंवा थर्मामीटरमध्ये आहे. दुसऱ्या टप्प्यावर परत जा.

## १०. हा हिशोब कुठे चालत नाही

ॲनिलीनचं वाफ-ऊर्ध्वपातन प्रयोगशाळेत नेहमी होतं, पण ते पाण्यात शेकडा साडेतीनच्या आसपास विरघळतं आणि स्वतःतही थोडं पाणी घेतं. दोघे एकमेकांत थोडे मिसळले की दोघांचेही बाष्पदाब शुद्ध द्रवापेक्षा कमी पडतात. प्रत्यक्ष प्रमाण हिशोबापेक्षा खाली येतं, आणि डिस्टिलेटच्या पाण्यात विरघळलेलं ॲनिलीन मिठाने बाहेर काढावं लागतं.

नागपुरी संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन घेतलं तर अडचण वेगळी. ते पाण्यात मिसळत नाही, आणि ७६० मिमी दाबाला साधारण ९७.५ अंशांवर १ ग्रॅम पाण्यामागे ०.७ ग्रॅम यावं असा हिशोब निघतो. साल उकळून मात्र त्याच्या जवळपासही प्रमाण मिळत नाही, कारण तेल सालीतल्या पिशव्यांमध्ये अडकलेलं असतं आणि वाफेला ते मोकळ्या थरासारखं भेटत नाही. तिथे थर्मामीटर पाण्याच्या उत्कलनांकाच्या जवळच राहतो. साल बारीक केली की प्रमाण वाढतं, पण बाष्पदाबाच्या तक्त्यावरून किती तेल येईल हे सांगता येत नाही.

वापरून झालेलं ब्रोमोबेंझिन, नमुन्यांतलं पाणी आणि कॅल्शियम क्लोराइड, काहीही सिंकमध्ये नको. द्रव हॅलोजनयुक्त टाकाऊ द्रवांच्या बाटलीत आणि कॅल्शियम क्लोराइड घन कचऱ्याच्या वेगळ्या डब्यात जाऊ द्या. चंबू धुण्याआधी थोड्या ॲसिटोनने विसळा आणि तेही त्याच बाटलीत ओता.